ग्रॅच्युइटी दायित्वाचे लेखांकन

ग्रॅच्युइटी ही नोकरी सोडताना, निवृत्त होताना किंवा मृत्यू ओढवल्यास कर्मचाऱ्याला अथवा त्याच्या वारसांना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम होय. भारतात तिला 1972च्या कायद्याने सक्तीचे रूप दिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. पैसे शेवटी एकदाच हातात पडतात, म्हणून खर्चही शेवटच्याच वर्षाचा, असा समज अनेक छोट्या कारखान्यांत आणि संस्थांत आजही आहे. लेखांकनाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. कर्मचाऱ्याने काम केलेल्या प्रत्येक वर्षी या देण्याचा एक भाग तयार होतो आणि तो त्याच वर्षीच्या हिशेबात धरावा लागतो.

हिशेबाचे सूत्र साधे आहे. अखेरचे मासिक वेतन घ्यायचे, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचे आणि येणारी रक्कम सेवेच्या पूर्ण वर्षांनी गुणायची. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही, आणि नव्या संहितेनुसार मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरच हक्क मिळतो. कायद्याने देय असलेल्या रकमेची कमाल मर्यादा 2018 पासून 20 लाख रुपये आहे.

या सूत्रातला कळीचा शब्द ‘अखेरचे’ हा आहे. भविष्य निर्वाह निधीत मालक दर महिन्याला आपला हिस्सा भरतो आणि तिथे त्याची जबाबदारी संपते. ग्रॅच्युइटीत तसे होत नाही. आज पगारवाढ झाली की मागच्या सगळ्या वर्षांचे देणेही नव्या पगाराच्या दराने वाढते. नेमणूकपत्रात एकूण वेतनखर्चाच्या तक्त्यात ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या 4.81 टक्के दाखवलेले असतात. हा आकडा म्हणजे 15 भागिले 26, भागिले 12. तेवढीच रक्कम दरवर्षी तरतूद म्हणून नोंदवणारे लेखापाल भेटतात, पण त्याने भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. तिसाव्या वर्षी कामाला लागलेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा एक कामगार आहे. दहा वर्षे झाली आहेत आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्याला महिना 26,000 रुपये मिळतात. एका वर्षाच्या सेवेमागे 15,000, म्हणजे आज तो गेला तर दीड लाख द्यावे लागतील. पुढच्या वर्षी 8 टक्के वाढ झाली तर पगार 28,080 होतो आणि वर्षामागे 16,200 रुपये पडतात. अकरा वर्षांचे देणे होते 1,78,200. एका वर्षात देणे 28,200 रुपयांनी वाढले, आणि 4.81 टक्क्यांच्या हिशेबाने नोंद झाली ती फक्त 16,200 रुपयांची. उरलेले 12,000 जुन्या दहा वर्षांवरची वाढ आहे. ती कुठेच दिसत नाही आणि वर्षागणिक फुगत जाते.

म्हणून लेखा मानके, म्हणजे एएस 15 आणि मोठ्या कंपन्यांसाठीचे इंड एएस 19, ‘प्रोजेक्टेड युनिट क्रेडिट’ पद्धत वापरायला सांगतात. तिची चाल अशी. आधी निवृत्तीच्या वेळचा पगार अंदाजायचा. वरच्या कामगाराचा पगार अठरा वर्षे 8 टक्क्यांनी वाढला तर सुमारे 1,03,900 रुपये होतो. त्या पगाराने एका वर्षाच्या सेवेची किंमत जवळपास 59,940 रुपये आणि झालेल्या दहा वर्षांची सुमारे 5.99 लाख. हे पैसे अठरा वर्षांनी द्यायचे आहेत, म्हणून 7 टक्के वटाव दराने त्यांचे आजचे मूल्य काढायचे. ते येते सुमारे 1,77,300 रुपये. ताळेबंदात हे दायित्व दिसायला हवे, आज तो गेल्यास द्यावे लागणारे दीड लाख नव्हेत.

अकराव्या वर्षी नफा-तोटा पत्रकात दोन गोष्टी येतात. त्या वर्षाच्या सेवेची आजची किंमत सुमारे 19,000 रुपये, आणि जुने दायित्व निवृत्तीच्या एक वर्ष जवळ आले म्हणून त्यावरचे व्याज सुमारे 12,400 रुपये. दायित्व 2,08,700 वर पोहोचते. सोपेपणासाठी इथे मधेच नोकरी सोडण्याची आणि मृत्यूची शक्यता धरलेली नाही. प्रत्यक्षात हे मोजमाप करणारा तज्ज्ञ, म्हणजे ॲक्च्युअरी, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वयानुसार दोन्ही धरतो.

पाच वर्षे न झालेल्यांचे काय? त्यांचा हक्क अजून पक्का नाही, म्हणून त्यांना यादीतूनच वगळण्याची चूक बरीच होते. मानकांनुसार त्यांनी केलेल्या सेवेतून दायित्व निर्माण झालेलेच असते. पाच वर्षे गाठण्याआधी किती जण सोडून जातील, हा अंदाज फक्त त्याच्या मापात उतरतो. तरुण मनुष्यबळाच्या कंपनीत गळतीचा दर जास्त धरला की दायित्व एकदम आटते. त्यामुळे ॲक्च्युअरीचा अहवाल वाचताना हा दर मागच्या काही वर्षांच्या प्रत्यक्ष गळतीशी ताडून पाहावा.

दुसरा नाजूक आकडा वटाव दर. भारतात तो सरकारी रोख्यांच्या परताव्यावरून घेतात, देण्याच्या मुदतीशी जुळणाऱ्या रोख्यांच्या. वरच्या उदाहरणात तो 7 वरून 6.5 टक्के केला तर दहाव्या वर्षअखेरचे दायित्व सुमारे 1,92,900 होते, म्हणजे जवळपास 9 टक्क्यांची वाढ. कारखान्यात काहीही न बदलता ही वाढ होते. इंड एएसमध्ये असा फरक नफ्यातोट्याबाहेर दाखवल्या जाणाऱ्या ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’त जातो आणि तिथेच राहतो, एएस 15 मध्ये तो थेट नफ्यातोट्यात येतो. पगारवाढीचा अंदाज वटाव दरापेक्षा बराच कमी ठेवलेला दिसला, तर कंपनीची गेल्या वर्षांची पगारवाढ विचारून घ्यावी.

कायदा बदलला की जुन्या सेवेचीही किंमत बदलते. नव्या संहितांनी वेतनाची व्याख्या एक केली. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनात मोजायचा. महिना 60,000 पैकी मूळ वेतन 20,000 ठेवून बाकी भत्ते दाखवले असतील, तर हिशेबाचे वेतन 30,000 होते आणि दायित्व एका दिवसात दीडपट. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 च्या तिमाहीत अनेक मोठ्या कंपन्यांनी हा बोजा ‘मागील सेवेचा खर्च’ म्हणून दाखवला. भत्ते फुगवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी रीत अशी एकदम अंगावर आली.

दायित्व नोंदवणे आणि पैसे बाजूला काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या तरतुदीने बँकेत एक रुपयाही जमा होत नाही. अनेक संस्था मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी न्यास करून आयुर्विमा महामंडळाच्या किंवा इतर विमा कंपनीच्या गट योजनेत पैसे भरतात. मग ताळेबंदात दायित्व वजा निधी एवढेच निव्वळ दिसते. प्राप्तिकरातही फरक पडतो. 1961च्या कायद्यातील कलम 40अ(7) नुसार नुसत्या तरतुदीची वजावट मिळत नव्हती, मान्यताप्राप्त निधीत भरलेल्या रकमेची मिळत होती.

कामगाराच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठा फरक कंपनी बुडाल्यावर कळतो. दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 36(4) नुसार भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगाराला देय रक्कम विक्रीला काढायच्या मालमत्तेत धरली जात नाही, म्हणून बँका आणि इतर धनको तिला हात लावू शकत नाहीत. निधीच उभा केलेला नसेल तर बाजूला काढायला काही उरत नाही, आणि कामगाराला आपल्या देण्यासाठी दावा दाखल करून वाट पाहावी लागते.