चार वेळा मोजायची विहीर: ईसी पत्रातल्या अटी आणि साइटची चेकलिस्ट

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काळ्या दगडाच्या किंवा चिऱ्याच्या खाणीचे पर्यावरण मंजुरीचे पत्र, म्हणजे सगळे ज्याला ईसी म्हणतात ते, वरवर वाचले तर एकाच माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते थरांनी बनलेले असते. एखादी अट 1994 च्या भाषेत असते, दुसरी 2006 च्या अधिसूचनेतून आलेली असते, तर तिसरी मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर तयार असलेल्या प्रमाणित संचातून जशीच्या तशी उचललेली असते. चेकलिस्ट करणारा बहुतेकदा पत्रातले क्रमांक एक्सेलमध्ये उतरवतो आणि समोर 'पूर्तता केली' असा रकाना काढतो. यादी फसते ती इथेच, कारण पत्रातली एक अट म्हणजे साइटवरचे एक काम नव्हे.

27 जानेवारी 1994 ला, 1986 च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. मंजुरीसोबत अटी घालायच्या आणि त्या पाळल्या जातात का याचा सहामाही अहवाल प्रकल्पवाल्यानेच द्यायचा, ही चौकट तिथपासूनची. जनसुनावणी 10 एप्रिल 1997 च्या दुरुस्तीने आली. मग 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने जुनी अधिसूचना बदलली आणि सहामाही अहवालाला ठरलेल्या तारखा मिळाल्या: 1 जून आणि 1 डिसेंबर. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत, हेही तिथेच लिहिले गेले.

कोकणातल्या लहान खाणी तोपर्यंत या सगळ्याच्या बाहेर होत्या. 2006 च्या यादीत पाच हेक्टर आणि त्यावरचे खाणपट्टेच होते, आणि आपल्याकडच्या चिरेखाणी सहसा त्याखाली बसत. 27 फेब्रुवारी 2012 ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या पाच हेक्टरखालच्या पट्ट्यांनाही, नूतनीकरणासकट, पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. तेव्हा सड्यावरच्या खाणमालकाच्या हातात पहिल्यांदा ईसी आली. तिची भाषा मात्र मोठ्या खाणींची: 'कोअर झोन', 'बफर झोन', 'विहिरींचे जाळे'. तीन कामगार आणि एक कटिंग मशीन असलेल्या खाणीलाही हेच शब्द लागू झाले.

पत्र कोणी दिले, हे यादी सुरू करण्याआधी पाहावे. 15 जानेवारी 2016 च्या दुरुस्तीने पाच हेक्टरपर्यंतच्या पट्ट्यांची मंजुरी जिल्हास्तरीय प्राधिकरणाकडे दिली होती. 2018 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर ती व्यवस्था बंद पडली, आणि 28 एप्रिल 2023 च्या कार्यालयीन ज्ञापनाने जिल्हास्तरावरच्या त्या मंजुऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाकडून पुन्हा तपासून घ्यायला सांगितले. फाइलमध्ये जिल्हा प्राधिकरणाचेच पत्र असेल, तर चेकलिस्टची पहिली ओळ हीच: फेरतपासणी झाली का, नवे पत्र कुठे आहे. जुन्या पत्रावर सुबक यादी करून काही हाती लागत नाही.

आता एकच अट घेऊन खोलात जाऊ. खाणींच्या पत्रांत ती वर्षानुवर्षे साधारण अशाच शब्दांत येते: भूजलाची पातळी आणि गुणवत्ता यांचे नियमित मापन करावे, त्यासाठी अस्तित्वातील विहिरींचे जाळे ठरवावे आणि नवे पीझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या विंधन-नळ्या, बसवाव्यात, मापन वर्षातून चार वेळा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी एप्रिल-मे, पावसाळ्यात ऑगस्ट, पावसाळ्यानंतर नोव्हेंबर आणि हिवाळ्यात जानेवारीत करावे, आणि माहिती केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला व केंद्रीय भूजल यंत्रणेला नियमित पाठवावी.

पत्रात याला एक क्रमांक आहे. चेकलिस्टसाठी वाक्यातली क्रियापदे मोजायची. जाळे ठरवणे हे एकदाचे काम. पुरावा म्हणून विहिरींची यादी, प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश आणि मालकाची संमती. पीझोमीटर बसवणे हेही एकदाचेच; पुरावा विंधनाची नोंद आणि फोटो. पातळी मोजणे चार वेळा, गुणवत्ता तपासणे चार वेळा. या दोन वेगळ्या ओळी ठेवायच्या, कारण पातळी साइटवरचा माणूस टेपने मोजतो आणि पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जाते. माहिती पाठवणे वर्षातून दोनदा, सहामाही अहवालाबरोबर. 'नियमित' या शब्दाला पत्रात तारीख नसते, तेव्हा ती आपणच बांधून घ्यायची. बेरीज केली तर एका अटीच्या बारा ओळी होतात.

प्रत्येक ओळीला आणखी एक रकाना द्यावा, तो म्हणजे ही नोंद कोणत्या अहवालात जाणार. 1 जूनचा अहवाल ऑक्टोबर ते मार्चचा, आणि 1 डिसेंबरचा एप्रिल ते सप्टेंबरचा. म्हणजे नोव्हेंबर आणि जानेवारीची मापने जूनच्या अहवालात, एप्रिल-मे आणि ऑगस्टची डिसेंबरच्या. ऑगस्टचे मापन राहिले तर ते अहवाल लिहायला बसल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस लक्षात येते आणि तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून कामाची तारीख ही अहवालाची तारीख असता कामा नये. चेकलिस्टमध्ये ऑगस्टच्या ओळीला 10 ऑगस्ट लिहिले, की आठवडाभर पाऊस लागला तरी हाताशी दोन आठवडे उरतात.

कोकणात ऑगस्टचे मापन राहण्याची कारणे अगदी साधी असतात. खाणकाम पावसाळ्यात बंद असते, मशीन झाकलेली असते, साइट इनचार्ज गावी गेलेला असतो. पायवाटेवरचा पऱ्या ओलांडता येत नाही. त्यातून 'खाण बंद होती, म्हणून मापन केले नाही' असे उत्तर अहवालात जाते. अट उत्पादनाशी बांधलेली नाही, ती महिन्याशी बांधलेली आहे. त्यामुळे ते उत्तर टिकत नाही. तपासायला येणारा अधिकारी चारही आकडे मागतो, आणि त्यातला ऑगस्टचाच खरा कामाचा असतो, कारण जांभ्यात पाणी पटकन भरते आणि पटकन उतरते. ऑगस्ट आणि एप्रिल-मे यांतला फरक कळल्याशिवाय खाणीमुळे विहीर आटली की नेहमीसारखी उतरली, हे सांगता येत नाही.

पातळीच्या आकड्यातही एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. समजा टेप कठड्याच्या वरच्या कडेवरून सोडली आणि पाणी 7.85 मीटरवर लागले. कठडा जमिनीपासून 0.75 मीटर उंच. तर जमिनीखालची पातळी 7.10 मीटर. पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाने 7.85 तसेच लिहिले, तर कागदावर पाणी पाऊण मीटर खाली गेले आणि प्रत्यक्षात काहीच झाले नाही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करावी, त्याच खुणेवरून मोजावे आणि कठड्याची उंची चेकलिस्टच्या त्या ओळीतच लिहून ठेवावी. मोजण्याआधी पंप निदान रात्रभर बंद असावा. वापरातल्या विहिरीत सकाळी मालकाने पाणी सोडण्याआधी पोचलेले बरे.

दुसरी अट नमुन्यादाखल घेतो, कारण ती उलट प्रकारची आहे: तिच्यात तारीख कमी आणि हिशेब जास्त. खाणीभोवतीचा चर आणि त्याची लांबी-उतार 'अचानक पडणाऱ्या सर्वाधिक पावसाच्या 50 टक्के अधिक' धरून ठरवावा, गाळ बसण्याइतका वेळ पाणी थांबेल अशी टाकी असावी आणि पावसाळ्यापूर्वी गाळ काढावा. यादीत 'चर केला' असे लिहून भागत नाही, कारण किती मोठा हेच या अटीचे मर्म आहे. चार हेक्टरचे पाणलोट, तासाला 60 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला 80 टक्के वाहून जातो असे धरले, तर तासाला 1,920 घनमीटर पाणी येते. 50 टक्के वाढवले की 2,880. ते अर्धा तास थांबवायचे तर 1,440 घनमीटरची टाकी लागते, म्हणजे 30 मीटर लांब, 24 रुंद, 2 खोल. हे उदाहरण आहे. खरा पावसाचा आकडा खाण आराखड्यात किंवा व्यवस्थापन योजनेत जो वापरला असेल तोच घ्यावा, नाहीतर दोन कागदांत दोन आकडे दिसतात. टाकी अर्धी गाळाने भरली तर तो अर्धा तास पाव तासावर येतो आणि लाल पाणी पऱ्यात उतरते. म्हणून गाळ काढण्याची ओळ मेच्या मध्यावर ठेवायची, आणि पुरावा म्हणून कामाआधीचा व नंतरचा फोटो, एकाच जागेवरून.

पत्राच्या शेवटाकडे एक छोटी अट असते: पर्यावरण अहवालात, व्यवस्थापन योजनेत आणि जनसुनावणीत दिलेली सर्व आश्वासने पाळावीत. 2006 पासून तयार झालेल्या पत्रांत ती हमखास दिसते आणि चेकलिस्टमधून हमखास सुटते, कारण ती पत्रात एका ओळीची आहे आणि तिच्यामागे काही शे पाने आहेत. पाच हेक्टरखालच्या एकट्या खाणीला जनसुनावणी सहसा झालेली नसते. पण खाणी शेजारी-शेजारी असल्याने समूह ठरला असेल तर झालेली असते. तेव्हा इतिवृत्त मिळवावे. तिथे गावकऱ्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि मालकाने दिलेले 'करू' हे उत्तर ही स्वतंत्र ओळ. मोहोर धरायच्या दिवसांत रस्त्यावर पाणी मारू, असे कोणी म्हटले असेल तर आंब्याच्या मोहोराचे महिने त्या ओळीत लिहायचे, नुसते 'रस्त्यावर पाणी मारणे' नव्हे. सड्यावरून येणारी धूळ बागेवर बसते तेव्हा ही ओळच आधी उघडली जाते.

अटींची संख्या कशी वाढते, याचे कोकणातले ठळक उदाहरण जैतापूरचे. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये त्या अणुऊर्जा प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती 35 अटींसह. लहान खाणीच्या पत्रातही आता अटी भरपूर असतात, पण त्यांतल्या बऱ्याच एकमेकींचीच पुनरावृत्ती असते: विशेष अटीत एकदा, सर्वसाधारण भागात पुन्हा. दोन्ही क्रमांक एकाच ओळीत जोडून ठेवावेत, एक खोडू नये. अहवालात अट क्रमांकानुसार उत्तर द्यावे लागते आणि एक क्रमांक रिकामा दिसला की तो पाळला नाही असेच वाचले जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र वेगळे असते, त्याच्या अटीही याच यादीत याव्यात, पण मूळ कागदाचे नाव दुसऱ्या रकान्यात ठेवून. दोन्हींत हवेच्या मापनाची वारंवारिता वेगळी असेल तर कडक असेल ती पाळायची आणि दोन्ही क्रमांकांपुढे तोच अहवाल जोडायचा.

हे सगळे पुढे कुठे लागते ते 30 मे 2012 च्या ज्ञापनाने ठरवले: विस्तारासाठी अर्ज करणाऱ्याला आधीच्या मंजुरीच्या अटींच्या पालनाचा प्रमाणित अहवाल लागू लागला. आपल्याकडे त्यासाठी मंत्रालयाचे नागपूरचे प्रादेशिक कार्यालय पाहणी करते. पाहणीला आलेला माणूस अट क्रमांक वाचतो आणि पुरावा मागतो. विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण आणि वहीत चार तारखा असतील, तर तिथेच विषय संपतो. नसतील तर गेल्या ऑगस्टचे पाणी परत मोजता येत नाही, आणि त्या ओळीपुढे 'पूर्तता नाही' अशी नोंद जाते.