पाच सेकंदांत एक पुडी

जुलाबावर द्यायच्या ओआरएसबद्दल एका संस्थेला तीस सेकंदांची जाहिरात करायची होती. यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी लागते आणि पाच सेकंदांनी 'स्किप' करता येते, त्या प्रकारची. पटकथा माझ्याकडे आली ती अशी: सूर्य उगवतो, कोंबडा आरवतो, बासरी वाजते. आई अंगण झाडते आहे. मुलगा पोट धरून ओट्यावर बसलेला. आजी काळजीत, शेजारीण डोकावते. अठराव्या सेकंदाला आशाताई येतात, पिशवीतून पुडी काढतात आणि पंचविसाव्या सेकंदाला सांगतात, "ही पुडी एक लिटर पाण्यात विरघळवा."

चित्रपटगृहात ही पटकथा चालली असती, कारण तिथला प्रेक्षक उठून जात नाही. इथे पाचव्या सेकंदाला स्किप करणाऱ्या आईने काय पाहिलं असतं? सूर्य आणि कोंबडा.

डिसेंबर २०१० मध्ये यूट्यूबने 'ट्रूव्ह्यू' नावाने या जाहिराती आणल्या, तेव्हा पैशांचा नियमही वेगळा ठेवला. 'कॉस्ट पर व्ह्यू' पद्धतीत प्रेक्षकाने तीस सेकंद पाहिली, जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली, किंवा तिच्यावर क्लिक केलं, तरच जाहिरातदाराचे पैसे कापले जातात. म्हणजे पाचव्या सेकंदाला निघून जाणाऱ्याचे काहीच लागत नाहीत. अशा फुकटात मिळालेल्या माणसापर्यंत निरोप पोहोचवायचा, तर तो त्या पाच सेकंदांतच बसायला हवा.

अमेरिकेतल्या गायको या विमा कंपनीने २०१५ मध्ये हे शब्दशः केलं. जेवणाच्या टेबलावरचं कुटुंब बचतीबद्दल एक वाक्य बोलतं, आणि आता ही जाहिरात स्किप करता येणार नाही, कारण ती संपलीसुद्धा, असं सांगितलं जातं. मग सगळे पुतळ्यासारखे थिजतात, पण घरातला कुत्रा थिजत नाही, तो टेबलावर चढून सगळ्यांच्या ताटांतलं खात सुटतो. 'कान लायन्स' या जाहिरातींच्या महोत्सवात तिला फिल्म विभागाचं ग्रां प्री मिळालं. मला तिच्यातली मोलाची गोष्ट वाटते ती क्रमाची: निरोप आधी, करमणूक नंतर.

मग आमच्या पटकथेतला निरोप नेमका कोणता? कागदावर चार होते: ओआरएस द्या, हात धुवा, जेवण बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. मराठीत सावकाश, कळेल असं बोललं तर सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात. पाच सेकंदांत दहा-बारा शब्द, आणि पहिला अर्धा सेकंद तर माणूस 'हे काय लागलं' म्हणण्यात घालवतो. चारांपैकी एकच बसणार होता. आम्ही तो निवडला जिथे चूक सर्रास होते आणि महागात पडते. बऱ्याच घरांत पुडी ग्लासभर पाण्यात ओततात. ओआरएसमधलं मीठ आणि ग्लुकोज आतड्यातून जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात जातं, पण त्यासाठी द्रावण ठरल्याइतकंच पातळ हवं. ते दाट झालं तर उलट शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तात मिठाचं प्रमाण धोकादायक होऊ शकतं. म्हणून वाक्य ठरलं: "जुलाब लागलेत? ही पूर्ण पुडी, एक लिटर पाण्यात." आठ शब्द. घड्याळ लावून म्हटलं तर साडेतीन-चार सेकंद.

दुसरा खर्डा लिहिताना मी एक चूक केली. माणूस थांबावा म्हणून सुरुवातीलाच खटकणारं दृश्य ठेवलं: आई पुडी ग्लासात ओतते, सहाव्या सेकंदाला लाल फुली येते आणि आशाताई म्हणतात, "असं नको!" वाचायला झकास होतं. पण पाचव्या सेकंदाला थांबवून पाहिलं, तेव्हा पडद्यावर काय होतं? चुकीची कृती, आणि तीही छान उजेडात, जवळून घेतलेली. स्किप करणारी आई नेमकं तेच घेऊन गेली असती. चूक दाखवून मग दुरुस्त करण्याची रचना स्किपच्या जाहिरातीत धोक्याची असते, कारण दुरुस्ती पाहायला कोण थांबेल हे आपल्या हातात नसतं.

तिसऱ्या खर्ड्यात पहिल्या चौकटीपासून हात, पुडी आणि पाणी. चेहरा नाही, अंगण नाही. इथे मेंदूची एक सवय लक्षात घ्यावी लागली. रेमंड, शापिरो आणि अर्नेल यांनी १९९२ मध्ये तिला 'अटेन्शनल ब्लिंक' म्हटलं. भराभर पुढे सरकणाऱ्या चित्रांत किंवा अक्षरांत आपण शोधत असलेली एक गोष्ट सापडली, की त्यानंतर साधारण दोन ते पाच दशांश सेकंदांत आलेली दुसरी बरेचदा निसटते. डोळा उघडा असतो, पण पहिली गोष्ट पचवण्यात मन गुंतलेलं असतं. प्रयोगशाळेतला हा निष्कर्ष जाहिरातीला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, पण मी सावध झालो. पुडी फाटण्याचं दृश्य आणि 'एक लिटर' ही अक्षरं आधी लगोलग येत होती. आता पुडी पाण्यात पडते, क्षणभर थांबते आणि मग अक्षरं उमटतात. पाच सेकंदांत एकही कट नाही. अक्षरं पडद्याच्या मध्यावर घेतली, कारण उजवीकडे खाली स्किपचं बटण असतं. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही निरोप कळावा, म्हणून अक्षरांत फक्त 'पूर्ण पुडी, १ लिटर पाणी' एवढंच.

उरलेल्या पंचवीस सेकंदांत लिटरभरच का, ते सांगितलं. तयार पाणी चोवीस तासांत संपवायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं थोडं पाजायचं, हेही तिथेच आलं. जो थांबेल त्याला ते मिळेल.

निकाल वाचताना एक फसगत होते, ती आधीच सांगितलेली बरी. निरोप पुढे आणला की तीस सेकंद पाहणाऱ्यांचं प्रमाण घटू शकतं, कारण जे हवं ते मिळाल्यावर माणूस निघून जातो. फक्त 'व्ह्यू रेट' पाहणाऱ्याला कोंबड्याची जाहिरात सरस वाटेल. खरं मोजायचं तर जाहिरात पाहिलेल्यांना आणि न पाहिलेल्यांना एकच प्रश्न विचारावा लागतो: पुडी किती पाण्यात? दोन्ही गटांच्या बरोबर उत्तरांतला फरक, ती जाहिरातीची कमाई.

आमच्याकडे एवढ्या मोठ्या चाचणीचे पैसे नव्हते. आम्ही मोबाइलवर फक्त पहिली पाच सेकंदं पाच बायकांना दाखवली, दहा मिनिटं इतर गप्पा मारल्या आणि मग विचारलं. चौघींनी "एक लिटर" सांगितलं. त्यातल्या एकीने विचारलं, "दुकानात छोटी पुडी पण मिळते, ती?" बरोबर होतं तिचं. बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही असते, आणि ती लिटरभर पाण्यात टाकली तर द्रावण फारच पातळ होईल. आम्ही पुडी पुन्हा चित्रित केली, मोठी, तिच्यावरचं '१ लिटर' स्पष्ट दिसेल अशी, आणि वाक्यात 'ही' वर जोर दिला.

पाचवी गप्प होती. तिला एक लिटर आठवत होतं, पण आमच्या चित्रातलं पितळी पातेलं तिला पटलं नव्हतं. "पातेल्यात लिटर कुठपर्यंत येतं, कोणाला ठाऊक? पाण्याची रिकामी बाटली दाखवा की, ती सगळ्यांच्या घरात असते." शेवटच्या खर्ड्यात पातेलं गेलं. आता पहिल्या सेकंदाला एक लिटरची बाटली दिसते, गळ्यापर्यंत भरलेली, आणि ते पाणी भांड्यात रिकामं होतं. पुडी त्यानंतर.