सावरून घेणं: नवरा-बायकोच्या भांडणाचा अभ्यास कसा घडत गेला

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात 1970 च्या दशकात एक विचित्र टेबल होतं. उताराचं, आणि दोन्ही बाजूंना बटणांची रांग असलेलं. समोरासमोर नवरा-बायको बसायचे आणि एका वेळी एकानेच बोलायचं. बोलून झालं की बोलणाऱ्याने बटण दाबून सांगायचं, मला हे किती चांगल्या किंवा वाईट अर्थाने म्हणायचं होतं. ऐकणाऱ्याने आपल्या बाजूचं बटण दाबायचं: मला ते कसं लागलं. कोणी कोणतं बटण दाबलं ते दुसऱ्याला दिसत नसे.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये या टेबलावरचे निष्कर्ष छापले. संसारात दुःखी असलेली जोडपी मुद्दाम वाईट बोलत असतील, असं कुणालाही वाटेल. पण हेतूच्या बटणांमध्ये सुखी आणि दुःखी जोडप्यांत फरक निघाला नाही. फरक निघाला तो ऐकणाऱ्याच्या बटणांत. बोलणाऱ्याने साध्या मनाने टाकलेलं वाक्य दुःखी घरात टोमणा होऊन पोचत होतं. पुढच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचं बीज इथे आहे असं मला वाटतं. टीका, तुच्छता, बचाव आणि मौन या चौकडीची आज बरीच चर्चा होते, पण ती या टेबलापासून न वाचता यादीसारखी पाठ केली जाते आणि मग तिचा अर्धा अर्थ हरवतो.

त्याआधी लग्नाचा अभ्यास म्हणजे प्रश्नावली. लुइस टर्मन यांनी 1938 मध्ये शेकडो जोडप्यांना प्रश्न विचारून सुखी संसाराला कोणते स्वभाव लागतात ते शोधलं होतं. पत्रिका जुळवण्यासारखंच ते, फक्त ग्रहांच्या जागी स्वभाव. प्रत्यक्ष भांडण चालू असताना ते बघायचं, ध्वनिमुद्रित करायचं आणि वाक्यावाक्याला खूण करायची, ही पद्धत 1970 च्या दशकात रुळली. गॉटमन मूळचे गणिताचे विद्यार्थी. त्यामुळे ‘कोण किती वेळा ओरडलं’ यापेक्षा ‘एका वाक्यानंतर दुसरं कोणतं वाक्य येतं’ या साखळीत त्यांना रस होता.

या साखळ्या मोजताना 1979 च्या सुमारास एक बारीक गोष्ट हाती लागली. भांडण चालू असताना कुणीतरी म्हणतं, “मला मध्येच तोडू नकोस.” हे वाक्य विषयाबद्दल नाही, भांडण कसं चाललंय त्याबद्दल आहे. म्हणजे ते दुरुस्तीचं वाक्य आहे. पण ते बहुतेक वेळा वैतागलेल्या आवाजातच येतं. समाधानी जोडप्यात समोरचा माणूस वैताग सोडून देतो आणि शब्द घेतो: “बरं, बोल, काय म्हणत होतीस?” असमाधानी जोडप्यात तो शब्द सोडून देतो आणि वैताग घेतो: “तोडतेस तू, मी नाही.” सावरून घेण्याच्या प्रयत्नांचा पुढे जो अभ्यास झाला, त्याचं मूळ या निरीक्षणात आहे.

मग शरीर आलं. रॉबर्ट लेव्हनसन या सहकाऱ्याबरोबर गॉटमन यांनी प्रयोगशाळा उभारली. दिवसभर एकमेकांपासून लांब राहिलेलं जोडपं तिथे यायचं, पंधरा मिनिटं दिवसाच्या गप्पा मारायचं आणि पंधरा मिनिटं घरातल्या एखाद्या जुन्या तंट्याबद्दल बोलायचं. अंगाला तारा लावलेल्या असत. हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, नाडीचा वेग, इतकंच काय, माणूस खुर्चीत किती चुळबुळतो तेही मोजलं जाई. त्यांचा पहिला मोठा लेख 1983 मध्ये आला, तीस जोडप्यांवरचा. दुःखी जोडप्यांमध्ये दोघांच्या शरीराचे आलेख एकमेकांत अडकलेले दिसले: एकाचा ताण चढला की दुसऱ्याचाही चढतो आणि मग दोघांनाही उतरता येत नाही.

पुढे जास्त जोडप्यांचा काही वर्षं माग ठेवल्यावर टीका, तुच्छता, बचाव आणि मौन अशी जी मालिका दिसली, तिला गॉटमन यांनी बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांचं नाव दिलं. ही उपमा अमेरिकी श्रोत्यांना चटकन कळणारी होती. आपल्याला नावापेक्षा त्यांतला फरक महत्त्वाचा. एक प्रसंग कल्पनेने घेऊ.

लाइट बिलाची मुदत काल संपली. बायको म्हणते, “बिल राहिलं. आता दंड भरावा लागणार, वैताग आलाय मला.” ही तक्रार आहे. ती एका घटनेबद्दल आहे आणि अशी तक्रार कुठल्याही घरात होणारच. तीच म्हणाली, “तुला कधी कशाची आठवण असते का? सगळं मीच बघायचं,” की ती टीका झाली. बिल बाजूला पडलं, माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. ‘कधी’, ‘नेहमी’, ‘सगळं’ हे शब्द आले की समजावं, गाडी घटनेवरून स्वभावावर गेली. नवरा म्हणतो, “मी काय रिकामा बसलो होतो? तुझ्याही मोबाइलवरून भरता आलं असतं.” हा बचाव. बोलणाऱ्याला वाटतं आपण फक्त वस्तुस्थिती सांगतोय. ऐकणाऱ्याला त्यात ऐकू येतं, ‘चूक तुझी’. मग ती हसून म्हणते, “वा! साहेबांना मॅच बघायला तीन तास आहेत, बिलाला दोन मिनिटं नाहीत.” इथे वरच्या पायरीवर उभं राहून खाली बघणं सुरू झालं. ही तुच्छता. शब्द नसले तरी ती दिसते: डोळे फिरवणं, ओठाचा एकच कोपरा बाजूला ओढला जाणं. नवरा आता मान खाली घालून रिमोट चाळवतो. ‘हं’ नाही की ‘ऊं’ नाही. हे मौनाची भिंत उभारणं.

क्रम दर वेळी असाच असतो असं नाही. या उदाहरणात बचाव तुच्छतेच्या आधी आला, गॉटमन यांच्या मांडणीत तो नंतर येतो. पण चौघांचं वजन सारखं नाही हे नक्की. टीका, बचाव आणि मौन सुखी जोडप्यांतही सापडतात. तुच्छता जवळजवळ सापडत नाही. भावना नोंदवण्याच्या त्यांच्या पद्धतीत तुच्छतेला सर्वांत जड उणे गुण आहेत ते त्यामुळेच.

मौनाबद्दल जरा थांबायला हवं, कारण आपण लगेच त्याला ‘अबोला’ म्हणतो. अबोला बहुधा ठरवून धरलेला असतो आणि रुसव्यात तर मनधरणीचं आमंत्रणच असतं. रुसलेलं माणूस दार किलकिलं ठेवतं. प्रयोगशाळेत दिसलेलं मौन वेगळं होतं. बाहेरून दगड झालेल्या माणसाचे ठोके आतून मिनिटाला शंभरच्या पुढे गेलेले असत. अशा अवस्थेत नवं काही ऐकून समजून घेणं अवघड होतं, माणसाला फक्त सुटका हवी असते. समोरच्याला मात्र ते बेपर्वाई वाटतं आणि तो आवाज आणखी चढवतो.

संशोधकांनी इथे एक छोटी युक्ती केली. भांडण पंधरा मिनिटं चाललं की जोडप्याला सांगायचं, उपकरण नीट करायचंय, तोवर विषय न काढता मासिकं चाळा. वीस-तीस मिनिटांनी बोलणं पुन्हा सुरू झालं तेव्हा ठोके खाली आले होते आणि तीच माणसं त्याच विषयावर बऱ्यापैकी नीट बोलत होती. ‘भांडणात वीस मिनिटांची सुट्टी घ्या’ या सल्ल्याचं मूळ हे. त्यातली अट मात्र सांगताना गळते. सुट्टीत मनातल्या मनात उत्तरं रचत बसलं तर ठोके उतरत नाहीत. आणि ‘मी परत येतो’ असं न सांगता उठून गेलं तर ती सुट्टी नसते, तीच भिंत असते.

गॉटमन 1986 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तिथे 130 नवविवाहित जोडप्यांचा सहा वर्षं माग ठेवला गेला. नवी गोष्ट अशी दिसली की चारही घोडेस्वार घरात असूनही काही संसार छान टिकले होते. गॉटमन यांच्या सांगण्यानुसार, असे भांडणारे पण सावरून घेणं जमलेले जे होते, त्यांपैकी 84 टक्के सहा वर्षांनीही सुखाने एकत्र होते.

सावरून घेणं म्हणजे काय? आपल्या उदाहरणात नवरा रिमोट ठेवून म्हणतो, “थांब जरा. आवाज चढवू नकोस, ऐकतोय मी.” गोड वाक्य नाही हे. तरीही हा प्रयत्न आहे. बायको म्हणाली, “आता आवाजही तूच शिकवणार?” की तो वाया गेला. ती म्हणाली, “बरं. मला एवढंच म्हणायचंय की पैशांची कामं मी एकटीने लक्षात ठेवून दमले,” की भांडण वळलं. नवऱ्याचं वाक्य दोन्ही वेळा तेच आहे. पुन्हा तेच उताराचं टेबल. नवविवाहितांच्या नोंदी पुढे बारकाईने तपासल्यावर दिसलं की सावरणं लवकर, बोलण्याच्या पहिल्या काही मिनिटांत झालं तर जास्त लागू पडतं, आणि मुद्देसूद तडजोडीच्या वाक्यांपेक्षा जवळीक दाखवणारी वाक्यं अधिक चालतात: “चुकलं माझं”, “तुझं खरंय”, दोघांचा एखादा जुना विनोद. मात्र विनोद नाजूक आहे. घरात आधीच तुच्छता असेल तर तोही खिल्लीच वाटतो. म्हणून सावरण्याची तयार वाक्यं पाठ करून फारसं काही होत नाही. वाक्य झेलणाऱ्याच्या मनात आधीची शिल्लक असावी लागते, आणि ती भांडण नसतानाच्या दिवसांत साठते.

या संशोधनावरचे आक्षेपही सांगायला हवेत. ‘नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने घटस्फोट ओळखता येतो’ हा दावा वर्तमानपत्रांनी उचलून धरला. पण कोण वेगळं झालं हे कळल्यावर त्याच माहितीवर सूत्र बसवलं होतं. रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी 2001 मध्ये दाखवलं की असं सूत्र नव्या जोडप्यांना लावलं की त्याची ताकद बरीच घटते. शिवाय, घरात मारहाण किंवा धाक असेल तर तिथलं गप्प बसणं हे स्वतःला वाचवणं असतं. त्याला ‘भिंत’ म्हणून मोजणं चूकच.

मौन धरणारे बहुसंख्य पुरुष असतात हे गॉटमन यांचं निरीक्षण तर फारच पक्कं समजलं जातं. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या आसपास प्रश्न उलटा विचारला: बदल कुणाला हवाय? ज्याला हवा तो मागे लागतो, ज्याचं आहे तसं बरं चाललंय तो मागे सरतो. विषय नवऱ्याच्या तक्रारीचा निवडला की बायको मागे लागते आणि नवरा मागे सरतो हा नेहमीचा नमुना फिका पडला. आपल्याला जवळचा असलेला एक अभ्यास 2006 मधला, उजमा रहमान आणि एमी होल्ट्झवर्थ-मन्रो यांचा. त्यांनी अमेरिकी जोडप्यांच्या शेजारी पाकिस्तानी जोडपी ठेवली, तेव्हा पाकिस्तानी घरांत मागणी करणारे बरेचदा नवरे होते आणि मागे सरणाऱ्या बायका.