पाठ्यपुस्तकातील पान समजावणे (संख्यावाचनाचे उदाहरण)

छापील पानावरील आशय एखाद्या विशिष्ट मुलाच्या वयाला, अनुभवाला आणि शब्दसंग्रहाला जुळेल अशा रीतीने पुन्हा मांडण्याची रीत. आशय तोच राहतो. कोणत्या पायरीवरून सुरुवात करायची, कोणते उदाहरण घ्यायचे आणि कोणता शब्द केव्हा उच्चारायचा, एवढेच सांगणारा ठरवतो. वर्गातील अध्यापनात हे सर्वत्र चालते, म्हणून त्याचे सामान्य वर्णन येथे केलेले नाही. या नोंदीत दुसरीच्या गणितातील दोन अंकी संख्यांचे पान घेतले आहे, कारण मराठी मुलाची या पानावरची अडचण निम्मी गणिताची आणि निम्मी भाषेची असते.

वयाची पातळी ठरवण्याबाबत दोन मते प्रसिद्ध आहेत. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण सात ते अकरा या वयात मूल हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने तर्क करते. अमूर्त मांडणी त्यानंतरची. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये याला काहीसे छेद देणारे विधान केले : कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला बौद्धिक प्रामाणिकपणा राखून कोणत्या ना कोणत्या रूपात शिकवता येतो. कृती, चित्र आणि चिन्ह ही ज्ञानमांडणीची त्यांनी सांगितलेली तीन रूपे पुढे शिक्षकांच्या अधिक उपयोगी पडलेली दिसतात. मुलाला दिलेल्या तात्पुरत्या आधाराला ‘परांची’ म्हणण्याची कल्पना बरेचदा रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्या नावावर मांडली जाते. ती संज्ञा मात्र वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ मधील लेखाने रूढ झाली. व्यवहारात पुस्तकावर छापलेली इयत्ता ही केवळ सुरुवातीची खूण समजावी. समोरच्या मुलाची पायरी एका कृतीने कळते. त्याच्यापुढे काड्यांचे दहादहाचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या ठेवून ‘पंचवीस काड्या दे’ म्हणावे. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या उचलणारे मूल पानासाठी तयार असते. गठ्ठे सोडून एकेक काडी मोजत बसणाऱ्याला पान उघडण्याआधी गठ्ठे बांधण्याचे काम द्यावे लागते.

मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतो. त्रेसष्टमध्ये ‘त्रे’ म्हणजे तीन आधी ऐकू येतात, ‘सष्ट’ म्हणजे साठ नंतर. लिहिताना मात्र ६ आधी लिहायचा असतो. ही रचना संस्कृतातून (एकविंशति, पञ्चविंशति) प्राकृतमार्गे आली. ‘अङ्कानां वामतो गतिः’, म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात, या जुन्या गणिती संकेताशी तिचा संबंध काही जण जोडतात. परंतु एकक आधी उच्चारण्याची चाल वैदिक भाषेतही आढळते आणि स्थानमूल्याने अंक लिहिण्याची पद्धत त्यानंतरची आहे. तेव्हा नावांची रचना त्या संकेतापेक्षा जुनी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकोणवीस, एकोणसत्तर यांतील ‘एकोण’ हे एक + ऊन, म्हणजे ‘एकाने कमी’. वैदिक वाङ्मयात याच अर्थाचे ‘एकान्न’ (एकात् + न) हे रूपही मिळते. मराठीत ही चाल नव्याण्णवपाशी मोडते, आणि ८९ ला एकोणनव्वद व नव्याऐंशी अशी दोन्ही नावे चालतात. जर्मन भाषेतही एकक आधी बोलला जातो, आणि तेथील मुलांच्याही लेखनात अंकांची अदलाबदल आढळते. कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजीत विसाच्या पुढे दशक आधी येत असल्याने ही विशिष्ट अडचण उद्भवत नाही.

मराठीतील या अडचणीमुळेच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस म्हणजे ‘वीस एक’, त्रेसष्ट म्हणजे ‘साठ तीन’ असे वाचन दिले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा आणि उलट क्रमाचा त्रास ही कारणे पुढे केली. भाषेची मोडतोड होते, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. समजावणाऱ्याच्या दृष्टीने ‘साठ तीन’ ही मधली पायरी म्हणून उपयोगी आहे. रूढ नाव मुलाला बाजारात आणि घरात ऐकू येतच राहणार, त्यामुळे तेथे पोहोचणे टळत नाही.

एक प्रसंग तपशिलात घेऊ. ‘त्रेसष्ट’ ऐकून मुलाने ३६ लिहिले. एवढ्यावरून चूक कोठे आहे हे कळत नाही. त्याला त्रेसष्ट काड्या मागाव्यात. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या आणल्या तर संख्या त्याला कळली आहे आणि ऐकलेल्या क्रमाने लिहिल्यामुळे घोटाळा झाला आहे. अशा मुलाला ‘साठ आणि तीन’ असे म्हणत आधी ६ लिहायला लावणे पुरते. तीन गठ्ठे आणि सहा सुट्या आणल्या तर नावातला ‘साठ’च त्याने ओळखलेला नाही, तेव्हा दहा, वीस, तीस ही दशकांची नावे गठ्ठ्यांवर म्हणवून घ्यावी लागतात. ‘एकोणसत्तर’ला सत्तर ऐकून ७९ लिहिणे ही दुसरी नेहमीची चूक. तेथे सात गठ्ठे मांडून ‘यातली एक काडी काढ’ म्हणावे. काडी काढण्यासाठी मुलाला एक गठ्ठा सोडावा लागतो, आणि सहा गठ्ठे व नऊ सुट्या आपोआप समोर उरतात. ‘ऊन’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

उदाहरणांचा क्रमही महत्त्वाचा आहे. गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात आणि मोजता येतात. दहा रुपयांच्या नोटेत दहा नाणी दिसत नाहीत. नोट आणि नाणे या दोन्ही ‘एकेक वस्तू’च. म्हणून दोन नोटा आणि पाच नाणी पाहून ‘सात’ म्हणणारे मूल आढळते. आधी काड्या, मग नोटा, मग पानावरचे दशक-एककाचे चित्र हा क्रम उलटला तर मूल चित्रातल्या चौकोनांचे रंग पाठ करते. काडीचे उदाहरणही शंभरापुढे अडखळते : दहा गठ्ठ्यांचा भारा हाताळणे गैरसोयीचे होते, आणि तेथून पुढे नोटाच सोयीच्या.

शब्दांच्या बाबतीत ‘गठ्ठा’ आणि ‘सुटे’ हे शब्द आधी वापरावेत, ‘दशक’ आणि ‘एकक’ त्याच वस्तूंना नंतर चिकटवावेत. पानावर ते छापलेले असतात, त्यामुळे गाळून चालत नाही. सर्वांत अवघड ‘स्थानिक किंमत’. किंमत हा शब्द मुलाला दुकानातून माहीत असतो आणि ‘स्थानिक’ बहुधा मुळीच माहीत नसतो. ‘२५ मधल्या या २ मध्ये किती काड्या?’ असे विचारून उत्तर वीस आले की मगच संज्ञा सांगावी. बालशिक्षणाच्या संशोधक कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांकडून १६ वस्तू मोजून घेतल्या, आकडा लिहून दाखवला आणि त्यातल्या १ ने दाखवलेल्या वस्तू मागितल्या. अनेक मुलांनी दहाऐवजी एकच वस्तू पुढे केली. ‘१ दशकस्थानी आहे’ हे पाठ म्हणणारे मूलही येथे अडकू शकते, म्हणून पान समजले का हे तपासण्यासाठी व्याख्या विचारण्यापेक्षा ही कृती अधिक भरवशाची ठरते.

सुट्या पानाचा फोटो पाहून दुरून समजावताना आधीच्या पानावर गठ्ठे आले होते की नाही हे दिसत नाही. ते आधीचे पान मागवून घ्यावे.