वस्तू काढण्याची नॉन-डिस्ट्रक्टिव्ह पद्धत

छायाचित्रातील नको असलेली वस्तू मूळ पिक्सेल न पुसता, वेगळ्या लेयरवरील ठिगळाने झाकण्याची आणि ते ठिगळ पुढे केव्हाही उचलता, कमीजास्त करता किंवा बदलता येईल अशा रीतीने फाइल रचण्याची ही पद्धत आहे. फोटोशॉपमध्ये लेयर 1994 साली (आवृत्ती 3.0), हीलिंग ब्रश 2002 साली (आवृत्ती 7.0) आणि मूळ फाइल जशीच्या तशी आत जपणारा स्मार्ट ऑब्जेक्ट 2005 साली (सीएस2) आले; 2007 च्या सीएस3 मध्ये त्याच्यावर लावून केव्हाही बदलता येणारे स्मार्ट फिल्टर आल्यावर या पद्धतीची आजची घडण पूर्ण झाली. ‘अनडू’ म्हणजे ही पद्धत नव्हे, कारण फाइल बंद करताच हिस्टरी नाहीशी होते आणि दुरुस्तीची मागणी बहुधा त्यानंतरच येते.

पद्धतीचे मर्म मात्र वेगळे लेयर करण्यात नसून त्यांच्या क्रमात आहे. ठिगळ हे खालच्या चित्राच्या त्या क्षणीच्या रूपाची गोठलेली नक्कल असते. खालचे चित्र नंतर बदलले तरी ठिगळ जुनेच राहते. पुढचे बहुतेक घोटाळे यातूनच उद्भवतात.

एक नमुना घेऊ. दापोली तालुक्यातील हर्णैच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी सुवर्णदुर्गाचे छायाचित्र घेतले आहे आणि ते एका घरगुती निवासाच्या फलकासाठी हवे आहे. आकाशात विजेची तार आहे, ओल्या वाळूत निळा प्लास्टिकचा ड्रम पडला आहे आणि ड्रमच्या मागेच एक होडी ओढून ठेवलेली आहे. मालकांना तिन्ही नकोत.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ या साधनातून स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडावी. ती तळाचा लेयर होते आणि तिच्यावर थेट ब्रश चालत नाही, ही अडचण नसून सोय आहे. तिच्यावर प्रत्येक वस्तूसाठी एक रिकामा लेयर घ्यावा आणि त्याला ‘तार’, ‘ड्रम’, ‘होडी’ अशी नावे द्यावीत. हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प यांच्या पट्टीवरील `Sample` हा पर्याय `Current & Below` वर ठेवला की ब्रश खालचे चित्र वाचतो, पण रंगवतो फक्त रिकाम्या लेयरवर. येथे `All Layers` निवडणे ही नेहमीची चूक आहे, कारण वर एखादा, खालच्या चित्राचा उजेड व रंग बदलणारा, कर्व्हजसारखा अ‍ॅडजस्टमेंट लेयर चालू असेल तर त्याचा परिणाम ठिगळात उतरतो, मग तोच लेयर ठिगळावर दुसऱ्यांदा लागू होतो आणि ती जागा भोवतालपेक्षा गडद किंवा भडक दिसू लागते.

मोकळ्या आकाशातील तार हीलिंग ब्रशने सहज जाते. ती तटाच्या काळसर कडेजवळून जाते तेथे मात्र हा ब्रश शेजारचा गडद रंग आकाशात ओढतो आणि धुरकट डाग पडतो, म्हणून तेवढा तुकडा क्लोन स्टॅम्पने करावा. ओल्या वाळूत आणखी एक गोष्ट निसटते: वस्तू जाते, पण तिचे प्रतिबिंब आणि सावली मागे राहते. कोकणातल्या ओहोटीच्या छायाचित्रांत हे वारंवार दिसते. होडी नाही आणि तिची उलटी डोलकाठी मात्र वाळूत चमकते आहे. ज्या वस्तूचे प्रतिबिंब, तिच्याच लेयरवर ते झाकावे, म्हणजे दोन्ही एकत्र जातील आणि एकत्र परत येतील.

होडी मोठी असल्याने तिची जागा, निवडलेला भाग भोवतालावरून आपोआप भरणाऱ्या `Content-Aware Fill` ने भरणे सोयीचे असते. हे साधन स्मार्ट ऑब्जेक्टवर चालत नाही, म्हणून आधी `Ctrl+Alt+Shift+E` ने दिसणाऱ्या चित्राची एकत्रित प्रत करावी, तिच्यावर निवड करावी आणि `Output To` मध्ये `New Layer` ठेवावे. भरण वेगळ्या लेयरवर आल्यावर ती प्रत काढून टाकावी.

आता क्रमाचा प्रश्न येतो. समजा होडी आधी काढली आणि ड्रमचे ठिगळ तिच्या वरच्या लेयरवर, भरणातून आलेल्या वाळूवरून घेतले. चार दिवसांनी मालक म्हणतात, “होडी राहू द्या, तिच्यामुळे गाव ओळखू येतं.” मागणी रास्तच आहे. लेयरच्या यादीत होडीच्या लेयरसमोरचे डोळ्याचे चिन्ह बंद करताच होडी परत येते, पण ड्रमच्या जागी होडीच्या बुडाला वाळूचा तुकडा चिकटलेला दिसतो, कारण त्या ठिगळाला होडी ठाऊकच नव्हती. म्हणून जे कायमचे जाणार आहे (येथे तार आणि ड्रम) त्याची ठिगळे खाली आणि आधी करावीत, आणि ज्याबद्दल मन बदलू शकते ते सर्वांत वर ठेवावे. ड्रमचे ठिगळ करताना मागची होडी दिसत असली पाहिजे.

मास्क लागतो तो अर्धवट बदलासाठी. मालकांना होडी हवी, पण तिच्यावर वाळत घातलेले जाळे नको असेल, तर होडीच्या लेयरला मास्क जोडून होडीच्या जागी काळा रंग द्यावा. काळ्याने ठिगळ लपते आणि मूळ चित्र दिसते, पांढऱ्याने ते परत येते. जाळ्यामागची होडीची फळी मात्र कुठेच टिपलेली नाही. ती शेजारच्या फळीवरून क्लोन करून स्वतंत्र लेयरवर घडवावी लागते. इरेझर वापरल्यास पुसलेले ठिगळ कायमचे जाते, त्यामुळे तो येथे वर्ज्य समजावा.

दुसरी मागणी रंगाची असते: संध्याकाळ थोडी अधिक तांबूस हवी. तळाच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर दोनदा क्लिक करून कॅमेरा रॉमध्ये व्हाइट बॅलन्स बदलला, तर सारे आकाश तांबूस होते आणि तारेच्या जागी निळसर रेघ उरते. ठिगळ गोठलेले असते म्हणजे काय, ते येथे उघड्या डोळ्यांनी दिसते. अशा वेळी रंगबदल ठिगळांच्या वर असलेल्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरने करावा, किंवा तळाचा लेयर व सर्व ठिगळे एकत्र निवडून `Convert to Smart Object` करावे आणि त्यावर `Camera Raw Filter` लावावा. तो स्मार्ट फिल्टर म्हणून बसतो, चित्र व ठिगळे यांना सारखाच लागू होतो आणि केव्हाही पुन्हा उघडता येतो. आतील ठिगळ सुधारायचे असल्यास स्मार्ट ऑब्जेक्टवर दोनदा क्लिक करावे. आतली फाइल वेगळी उघडते. ती `Ctrl+S` ने, त्याच जागी जतन केली तरच बाहेरचे चित्र बदलते. वेगळ्या नावाने जतन केल्यास बाहेर काहीच बदलत नाही.

या उपायाला एक मर्यादा आहे. असा फिल्टर मूळ रॉ माहितीवर नव्हे, तर तयार पिक्सेलवर चालतो. त्यात व्हाइट बॅलन्सची पट्टी केल्विनमध्ये नसून उणे 100 ते अधिक 100 अशी असते, आणि पांढरे पडून गेलेले ढग त्याने परत येत नाहीत. त्यामुळे एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ठिगळकाम सुरू करण्यापूर्वीच रॉमध्ये नक्की करावे आणि नंतर केवळ छटा बदलावी. नॉइज कमी करणे आणि शार्पनिंग यांनाही हेच लागू आहे: ती केवळ तळाच्या लेयरवर नंतर केल्यास ठिगळांचा कण भोवतालाशी जुळत नाही.

ठिगळे डोळ्याला दिसत नसली तरी छपाईत उमटू शकतात. तपासणीसाठी सर्वांत वर एक कर्व्हज लेयर घेऊन वक्र खूप वर-खाली नागमोडी ओढावा. आकाशातील सूक्ष्म फरक पट्ट्यांसारखे उठून दिसतात आणि ठिगळाची कड लगेच सापडते. पाहून झाल्यावर हा लेयर काढून टाकावा. एखाद्या लेयरच्या डोळ्यावर `Alt` दाबून क्लिक केल्यास तेवढे ठिगळ एकटे दिसते आणि अनवधानाने भलतीकडे लागलेले फटकारे ओळखता येतात.

फलकाच्या मापासाठी चित्र छाटताना `Delete Cropped Pixels` ची खूण काढलेली असावी. रॉ फाइल आत सामावलेली असल्याने फाइल जड होते; फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलची मर्यादा 2 जीबी आहे, त्यापुढे मोठ्या चित्रांसाठीची पीएसबी फाइल वापरावी लागते. छापखान्याला लेयर एकत्र केलेली वेगळी प्रत द्यावी.