उड्या, जिना आणि गुडघे: एक खुलासा

"दोरीवरच्या उड्या मारल्या, जिने चढले की गुडघे झिजतात म्हणे. खरं का?"

नाही. धडधाकट गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला, बेताचा भार हवाच असतो; दाब पडतो-सुटतो, तेव्हाच तिला पोषण मिळतं. त्रास होतो तो बहुधा उडीच्या पद्धतीमुळे किंवा एकदम जास्त केल्यामुळे. दोरी पायाखालून जायला दोन-तीन सेंटिमीटरची उडी पुरते. चवड्यावर, गुडघे किंचित वाकवून उतरा. फरशीवर धप्प आवाज आला, तर उडी उंच जातेय. सुरुवातीला वीस सेकंद उड्या, तेवढीच विश्रांती.

जिन्यात चढताना दम लागतो, पण गुडघ्याच्या वाटीला जाचतं ते बहुतेकदा उतरणं. जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर तळापासून घरापर्यंत झपझप चढा, कठडा धरून सावकाश उतरा. असं चार-पाच वेळा. चढताना बोलणं तुटक व्हावं, बंद पडू नये. मे महिन्यात पारा 45 कडे सरकतो आणि बंद जिना तापतो, तेव्हा हे पहाटेच उरका.

गुडघा आधीच सुजत असेल तर उड्या नकोतच. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.