खाटेवरून न्हाणीपर्यंत: रात्री उठणाऱ्या वयस्कर माणसासाठी पायाखालचा उजेड

घरातलं वयस्कर माणूस रात्री दोनदा-तीनदा उठतं, म्हणून आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "जरा जास्त उजेडाचा सेन्सर दिवा आहे का?" त्यांना आम्ही जास्त उजेडाचा दिवा देत नाही. का देत नाही आणि त्याऐवजी काय बसवतो, ते या पत्रकात लिहिलं आहे. काम कोणाकडूनही करून घ्या, पण एवढं वाचून मग ठरवा.

आधी डोळ्याचं बघू. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे उजेड जास्त लागतो हे खरं. पण त्याच भिंगात, विशेषतः मोतीबिंदू असेल तर, प्रकाश विखुरतो आणि समोरचा उघडा दिवा सगळं धूसर करून टाकतो. शिवाय अंधाराला सरावलेला डोळा लख्ख ट्यूबमुळे क्षणात बिघडतो आणि पुन्हा सरावायला कित्येक मिनिटं घेतो. न्हाणीतून परत येऊन ट्यूब बंद केली की खाटेपर्यंतची चार पावलं आंधळ्यासारखी टाकावी लागतात ती यामुळे. पडझड त्या परतीच्या वाटेवरही होते, आणि घरच्यांचं लक्ष मात्र जाण्याच्या वाटेवर असतं.

म्हणून आमचा नियम एकच आहे: दिवा दिसता कामा नये, जमीन दिसली पाहिजे. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

डिचोली तालुक्यातल्या एका जुन्या घरातलं काम सविस्तर सांगतो, कारण गोव्यातल्या जुन्या घरांच्या बहुतेक अडचणी तिथे एकत्र होत्या. आजी चौऱ्यांशी वर्षांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या. खोलीत तांबडी सिमेंटची जमीन, दाराला चार बोटं उंच उंबरठा, पुढे चौकीच्या कडेने पडवी आणि टोकाला एक पायरी उतरून न्हाणी. खाटेपासून न्हाणीपर्यंत साधारण सात मीटर. ट्यूबचं बटण दाराजवळ, म्हणजे उंबरठ्यापर्यंत अंधारातच जायचं. दारावर झिरोचा बल्ब होता, पण त्याचा उजेड आजींच्या डोळ्यांवर यायचा आणि उंबरठा त्याच्याच सावलीत राहायचा. नातवाने प्लगमध्ये खोचायचा सेन्सर दिवा आणून लावला होता. प्लग कमरेच्या उंचीवर, दिवा पांढरा. आजी खाटेच्या कडेला बसल्या की तो बरोबर त्यांच्या तोंडासमोर पेटायचा. सुनेने सांगितलं, आजी त्याच्यावर रुमाल टाकून झोपायच्या.

आम्ही पहिला दिवा खाटेखाली बसवला. खाटेच्या पुढच्या पट्टीपासून वीतभर आत, ॲल्युमिनियमच्या पन्हळीत एलईडी पट्टी, वर दुधी झाकण, तोंड जमिनीकडे. पट्टी पुढच्या कडेला चिकटवली तर बसलेल्या माणसाला ती दिसत नाही, पण समोरच्या माणसाला आणि कपाटाच्या आरशाला दिसते, आणि आरसा तो उजेड परत डोळ्यांत टाकतो. रंग पिवळसर, २२०० केल्विनच्या आसपासचा. पांढऱ्या-निळसर उजेडाने शरीराला सकाळ झाल्यासारखं वाटतं आणि परत आल्यावर झोप लागत नाही. उजेडाचं प्रमाण जमिनीवर तीन ते पाच लक्स ठेवलं. उंबरठ्याची आणि पायरीची कड, तसंच कोणी वाटेत ठेवलेली चप्पल एवढ्यात नीट दिसते. दिवा एकदम पेटत नाही, एक-दोन सेकंदांत हळूहळू चढतो.

सेन्सर कुठे लावायचा हा यातला खरा प्रश्न. आम्ही वापरतो तो सेन्सर शरीराची उष्णता हलताना ओळखतो. खोलीच्या कोपऱ्यात वर लावला तर कुशीवर वळलं तरी दिवा पेटतो, आणि तीन रात्रींत घरचे तो बंद करून टाकतात. म्हणून तो खाटेच्या पायाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावतो आणि सेन्सरच्या भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या पट्टीने झाकतो. मग त्याला खाटेवरचं काही दिसत नाही, खाली उतरलेले पाय तेवढे दिसतात. मच्छरदाणी गादीखाली खोचत असाल तर अडचण नाही. पण ती जमिनीपर्यंत सोडत असाल तर सेन्सर तिच्या घडीआड जाणार नाही असं बघावं लागतं, कारण दाट जाळीतून उष्णता नीट पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. हा सेन्सर आजूबाजूपेक्षा वेगळी उष्णता हलताना बघतो. मे महिन्याच्या रात्री खोलीच तीस अंशांवर असते, आणि वयस्कर माणसाचे पाय मुळात गार असतात. फरक फार उरत नाही. डिसेंबरात पटकन पेटणारा दिवा मेमध्ये दोन पावलं टाकल्यावर पेटतो तो यामुळे. उपाय दोन: सेन्सर पायांपासून मीटर-दीड मीटरच्या आत ठेवायचा, आणि पाय त्याच्यासमोरून आडवे जातील अशी दिशा द्यायची. सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. आमचं काम थंडीत झालं असेल तर उन्हाळ्यात एकदा रात्री बघून आम्हाला कळवा. सेटिंग बदलायचे पैसे घेत नाही.

डिचोलीच्या त्या घरात उंबरठ्याजवळ चौकटीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, एक छोटी आडोशाची पट्टी दिली. पडवीत भिंतीवर दोन फूटलाइट, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोन्ही एकाच बाजूला. खाटेखालचा सेन्सर चालू झाला की हे सगळे दिवे एकाच वेळी लागतात. पाऊल टाकू तसा पुढचा दिवा पेटणारी रचना दिसायला छान असते, पण तीत माणूस दर वेळी अंधाराकडे चालत असतं. उठतानाच न्हाणीच्या दारापर्यंतची वाट दिसली पाहिजे. न्हाणीच्या दाराशी दुसरा सेन्सर आहे, परतीच्या वेळी तो वेळ पुन्हा मोजायला लागतो. वाटेचे दिवे चार मिनिटं राहतात. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त दिव्यांत वेळ अर्ध्या मिनिटाची ठरलेली असते आणि बदलता येत नाही. काठीने चालणाऱ्या माणसाला तेवढ्यात सात मीटर जेमतेम होतात. विकत घेण्याआधी हे जरूर विचारा.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही उंबरठ्यावर घालवला. तांबड्या जमिनीवर तांबडा उंबरठा कितीही उजेडात जमिनीत मिसळून जातो. त्याच्या वरच्या कडेला दोन बोटं रुंद फिक्या पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला आणि न्हाणीच्या पायरीच्या कडेलाही. काम रंगाच्या डबीचं, पण दिव्यांइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेतल्या रेन्सिलेअर पॉलिटेक्निकच्या लायटिंग रिसर्च सेंटरने वृद्धांवर केलेल्या प्रयोगांत दाराच्या चौकटीच्या उभ्या-आडव्या कडा उजळल्यावर उठून उभं राहताना तोल सावरायला मदत होते असं दिसलं आहे. म्हणून जिथे चौकट अंधारात हरवते तिथे आम्ही तिच्या कडेलाही मंद पट्टी सुचवतो. डिचोलीत चुन्याच्या भिंतीत काळी चौकट आधीच उठून दिसत होती, तिथे गरज पडली नाही.

न्हाणीतल्या दिव्याचा हिशेब वेगळा. माणूस स्थिर बसलं की उष्णतेच्या सेन्सरला ते दिसत नाही आणि दिवा जातो. बसलेल्या माणसाला अंधारात सोडणं धोक्याचं आहे. तिथे वेळ पंधरा मिनिटं ठेवतो. मायक्रोवेव्ह सेन्सर लहान हालचालही पकडतो, पण तो पातळ भिंतीतून आणि लाकडी दारातून पलीकडचंही पकडतो. बाहेरून मांजर गेलं तरी आत दिवा. चिऱ्याच्या जाड भिंतीच्या न्हाणीत चालतो, फ्लॅटमध्ये आम्ही टाळतो.

फ्लॅटबद्दल एक सांगायचं राहिलं. पणजी-फोंड्याच्या नव्या फ्लॅटांत चकचकीत टाइल असते. खाटेखाली पट्टी उघडी लावली की टाइलमध्ये ठिपक्यांची रांग चमकते, आणि काही आजी-आजोबांना जमीन ओली वाटून ते पाय उचलून टाकतात. तिथे दुधी झाकण सोडून चालत नाही, आणि पट्टीचं तोंड थोडं भिंतीकडे वळवावं लागतं. विसराळूपणाचा आजार असेल तर पायपुसणं काळं नको. मंद उजेडात ते खड्ड्यासारखं दिसतं.

वीज गेली की काय? पावसाळ्यात हा पहिला प्रश्न. पंखा थांबला, गरमी झाली, डास चावले की वयस्कर माणूस नेमकं तेव्हाच उठतं. त्यामुळे आम्ही वाटेचे दिवे बारा व्होल्टवर चालवतो आणि मागे यूपीएसमध्ये असते तसली सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी देतो. डिचोलीच्या घरातले वाटेचे सगळे दिवे मिळून पाच वॅट खातात, आणि तेही पेटलेले असतानाच, त्यामुळे वीज नसलेल्या दोन-चार रात्री आरामात निघतात. बॅटरी काही वर्षांनी मरते आणि मरताना सांगत नाही. महिन्यातून एकदा मेन बंद करून दिवे पेटतात का बघा. मांद्रे, केरी अशा समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या हवेने पट्टीच्या जोडाला हिरवा थर येतो आणि पट्टीचा एखादा तुकडा लुकलुकायला लागतो. असं दिसलं की लगेच बोलवा. तिथे आम्ही सिलिकॉनच्या आवरणातलीच पट्टी वापरतो. कोणी नसताना दिवा सारखा पेटत असेल तर आधी भिंग पुसा. मुंग्या आणि कोळी भिंगावरून फिरले तरी सेन्सर फसतो.

चवथीच्या दिवसांत पाहुणे त्याच खोलीत जमिनीवर झोपतात. वाटेत गाद्या येतात आणि कोणी कूस बदलली तरी दिवे पेटतात. त्यासाठी प्रत्येक कामात एक बटण देतो. ते दाबलं की सेन्सर बाजूला राहतो आणि दिवे रात्रभर मंद चालू राहतात. गाद्या मात्र भिंतीकडच्या बाजूला घाला, वाटेवर नकोत.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी ही तपासणी तुम्ही स्वतः करा. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवून दहा मिनिटं खाटेवर पडून राहा. कूस बदला, दिवा पेटता कामा नये. पाय खाली सोडा, जमिनीला टेकायच्या आत पेटला पाहिजे. बसल्या जागेवरून, मग उभं राहून, मग न्हाणीच्या दाराशी वळून खाटेकडे बघा. कुठूनही दिव्याचा ठिपका दिसला, आरशात किंवा टाइलमध्ये दिसला तरीही, आम्हाला तिथल्या तिथे बदलायला सांगा. शेवटी तुमची सावली बघा. दिवा पाठीमागे असेल तर तुमचीच सावली उंबरठ्यावर पडते, आणि तो दिवा हलवावाच लागतो.

आम्हाला बोलावण्याआधी तीन गोष्टी मोजून ठेवा: खाटेच्या कडेपासून न्हाणीपर्यंतचं अंतर, वाटेतल्या प्रत्येक उंबरठ्याची आणि पायरीची उंची, आणि घरातलं माणूस रात्री खाटेच्या कुठल्या बाजूने उतरतं. तिसरी गोष्ट मुलांना बहुधा ठाऊक नसते, ती त्या वयस्कर माणसालाच विचारा. पाहणीला आम्ही संध्याकाळी अंधार पडल्यावर येतो.